लिमिटेड की रीझनेबल? उत्सर्जन अहवालाच्या अ‍ॅश्युरन्सची तयारी, टप्प्याटप्प्यानं

वडोदऱ्यात मकरपुरा, रणोली, नंदेसरीच्या कारखान्यांमधून दर एप्रिल-मेमध्ये एकच प्रश्न येतो: "गेल्या वर्षी लिमिटेड केलं होतं, यंदा रीझनेबल हवंय. तीच फाईल थोडी जाड करून दिली तर चालेल ना?" चालत नाही. फाईल कितीही जाड केली तरी चालत नाही. अ‍ॅश्युरन्स म्हणजे कंपनीनं मांडलेल्या उत्सर्जनाच्या आकड्यांची बाहेरच्या स्वतंत्र तपासणाऱ्यानं केलेली पडताळणी. लिमिटेड हा तिचा हलका स्तर, रीझनेबल हा खोल. रीझनेबलला लागणारा बराचसा पुरावा वर्ष चालू असतानाच तयार व्हावा लागतो, आणि मार्च उलटल्यावर तो मागून आणता येत नाही.

दुसरा गैरसमज याहून जास्त नुकसान करतो. लिमिटेड म्हणजे थोडी मोठी चूक चालवून घेणारी तपासणी, असं अनेक जण धरून चालतात. या दोन्ही गोष्टी नीट कळाव्यात म्हणून एका कारखान्याचे आकडे घेऊन सगळे टप्पे क्रमानं पाहू. कारखाना उदाहरणापुरता आहे आणि हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत, पण त्यातल्या चुका इथल्या फायलींत नेहमी दिसणाऱ्या आहेत.

## १. काम देण्याआधी तीन गोष्टी कागदावर आणा

पहिली गोष्ट म्हणजे कशावर अ‍ॅश्युरन्स हवं. "आमच्या ईएसजी रिपोर्टवर" हे उत्तर पुरेसं नाही. स्कोप १, म्हणजे कारखान्यात जाळलेलं इंधन आणि गळलेले वायू, आणि स्कोप २, म्हणजे विकत घेतलेली वीज, यांचे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात एकूण टन, कोणते प्लांट, कोणतं आर्थिक वर्ष, हे नेमकं लिहा. एकाच अहवालात काही आकड्यांवर रीझनेबल आणि काहींवर लिमिटेड असू शकतं. तसं असेल तर कुठल्या आकड्यावर कोणता स्तर, हे वाचणाऱ्याला आकड्याशेजारीच दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, मोजायचं कोणत्या निकषानं. उत्सर्जनासाठी बहुतेक जण जीएचजी प्रोटोकॉल वापरतात. शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या मोठ्या कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर कोअर, म्हणजे पर्यावरण-सामाजिक अहवालातल्या निवडक आकड्यांचा साचा लागू होतो. अ‍ॅश्युरन्स देणारा कोणत्या मानकाखाली काम करणार, हा वेगळा प्रश्न आहे. सीए फर्म असेल तर आयसीएआय या सीएंच्या संस्थेची एसएसएई ३००० आणि एसएई ३४१० ही मानकं येतात, आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसएई ३४१०, आणि अभियांत्रिकी पडताळणी संस्था बहुधा आयएसओ १४०६४-३ वापरतात. १५ डिसेंबर २०२६ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींसाठी आयएसएसए ५००० हे नवं आंतरराष्ट्रीय मानक आयएसएई ३४१० ची जागा घेतं. लिमिटेड आणि रीझनेबल यांतला मूळ फरक मात्र त्यातही तसाच आहे.

तिसरी गोष्ट, स्तर कोण मागतंय. सेबीनं जुलै २०२३ च्या परिपत्रकात बीआरएसआर कोअरसाठी रीझनेबल अ‍ॅश्युरन्स टप्प्यांनी आणलं: २०२३-२४ साठी बाजारमूल्यानं वरच्या १५० कंपन्या, आणि वाढत वाढत २०२६-२७ साठी वरच्या १०००. मार्च २०२५ मध्ये त्यात "असेसमेंट किंवा अ‍ॅश्युरन्स" असा पर्याय दिला गेला. तुम्ही स्वतः नोंदणीकृत नसाल, पण तुमचं मोठं गिऱ्हाईक असेल, तर त्यांची खरेदी शाखा नेमकं काय मागतेय ते लेखी मागून घ्या. तोंडी निरोपावर रीझनेबलचा खर्च करू नका.

सावधान: ज्या सल्लागारानं तुमचे टन मोजून दिले, त्यालाच अ‍ॅश्युरन्सला बसवता येत नाही. स्वतःच्याच हिशेबाची तो तपासणी करू शकत नाही, आणि सेबीही अ‍ॅश्युरन्स देणाऱ्याला त्याच कंपनीत सल्लागारी करू देत नाही. लिमिटेड असलं तरी यात सूट नाही.

## २. महत्त्वाच्या चुकीची मर्यादा दोन्हीकडे तीच

मटेरिअ‍ॅलिटी, म्हणजे किती चूक झाली तर वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल, ही वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. तपासणारा किती खोल जाणार यावर ती ठरत नाही. गुंतवणूकदार तोच, आकडा तोच, तर मर्यादाही तीच. एकूण उत्सर्जनाच्या ५ टक्के हा व्यवहारात रुळलेला आरंभबिंदू आहे. मानक तो सक्तीचा करत नाही.

बदलतो तो धोका. मर्यादेहून मोठी चूक तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटण्याची शक्यता रीझनेबलमध्ये खूप कमी ठेवायची असते. लिमिटेडमध्ये ती बरीच जास्त असू शकते, फक्त वाचणाऱ्याला काही अर्थ राहील इतपत आश्वासन मिळालं पाहिजे.

तपासून पाहा: तुमच्या प्रस्तावात "लिमिटेडसाठी १० टक्के, रीझनेबलसाठी ५ टक्के" असं लिहिलंय का? लिहिलं असेल तर सही करण्याआधी कारण विचारा.

## ३. आकड्याची वंशावळ तयार करा

आता उदाहरण घेऊ. नंदेसरीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणारा कारखाना आहे, वर्ष २०२३-२४. बॉयलर नैसर्गिक गॅसवर चालतो, वीज एमजीव्हीसीएलच्या एचटी जोडणीची, आणि वीज गेली की डिझेलचा जनरेटर. पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा बघणाऱ्या ईएचएस विभागाच्या एक्सेल शीटमध्ये असं आहे (मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा छोटा वाटा इथं सोडला आहे):

- गॅस ४० लाख घनमीटर: ८,८३१ टन
- वीज ९० लाख युनिट: ६,४४४ टन
- डिझेल ६०,००० लिटर: १६१ टन
- एकूण: १५,४३६ टन

पाच टक्के धरले तर मर्यादा साधारण ७७२ टन.

प्रत्येक ओळीसाठी मागं मागं जात एक साखळी जोडायची असते: अहवालातला आकडा, शीटमधला सेल, महिन्याची बेरीज, बिल किंवा लॉगबुक, आणि शेवटी मीटर. जोडीला वापरलेला उत्सर्जन गुणांक, म्हणजे इंधनाच्या किंवा विजेच्या एका एककामागं किती उत्सर्जन धरलं तो आकडा, तो कुठून घेतला, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या एककात, याची एक ओळ. लिमिटेडसाठीही ही साखळी लागते. तिथं तपासणारा ती प्रत्येक कडीपर्यंत ओढून बघेलच असं नाही, इतकंच.

एक गोष्ट इथली, म्हणून मुद्दाम सांगतो. बॉयलर आणि जनरेटरची लॉगबुकं शिफ्टमधली माणसं गुजरातीत भरतात, आकडेसुद्धा गुजराती. मुंबई-पुण्याहून आलेल्या टीमला त्यातला घाईत लिहिलेला आकडा भलताच वाचता येतो आणि मग अर्धा दिवस नसलेल्या तफावतीमागं जातो. नमुन्यात येऊ शकणाऱ्या पानांचं देवनागरीत किंवा इंग्रजीत टाइप केलेलं रूप आधी तयार ठेवा, आणि मूळ पान त्याच्याशेजारी.

## ४. लिमिटेडमध्ये तपासणारा काय करतो

काम मुख्यतः चौकशी आणि विश्लेषणावर चालतं. तो ईएचएस प्रमुखांना आणि लेखा विभागाला विचारतो: डेटा कुठून येतो, कोण भरतं, कोण बघतं. मग उत्सर्जनाच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रकारात चूक कुठं होऊ शकते याचा अंदाज घेतो आणि तिथंच आपलं काम वळवतो. काही बिलं बघतो, काही बेरजा पुन्हा करतो. प्लांटवर जाणं दर वेळी सक्तीचं नाही, पण जावं लागेल का याचा विचार त्याला करावाच लागतो.

आपल्या गॅसच्या ओळीचं काय होईल ते बघा. ८,८३१ टनांचा हिशेब असा केला होता: बिलावर लिहिलेलं उष्णतामूल्य ९,४०० किलोकॅलरी प्रति घनमीटर, गुणिले ४० लाख, म्हणजे सुमारे १,५७,४२४ गिगाजूल. त्याला आयपीसीसीचा ५६.१ किलो प्रति गिगाजूल हा गुणांक लावला. गणित बरोबर आहे, गुणांकही खरा आहे. पण बिलावरचं मूल्य ग्रॉस कॅलोरिफिक व्हॅल्यू असतं, म्हणजे जळताना बनलेल्या वाफेतली उष्णताही त्यात धरलेली असते, आणि आयपीसीसीचा गुणांक ती न धरणाऱ्या नेट व्हॅल्यूसाठी आहे. नैसर्गिक गॅसचं नेट मूल्य ग्रॉसच्या सुमारे ९० टक्के. त्यानुसार १,४१,६८१ गिगाजूल आणि ७,९४८ टन येतात. म्हणजे ८८३ टन जास्त दाखवले गेले, आणि ही एकटी चूक मर्यादेच्या वर आहे.

लिमिटेडमध्ये ती सापडेल का? ते विश्लेषण कसं केलं यावर आहे. तपासणाऱ्यानं गेल्या वर्षीच्या टनांशी आणि उत्पादनाशी तुलना केली तर प्रमाण अगदी जुळेल, कारण गेल्या वर्षीही हीच चूक होती. सलग दोन वर्षं सारखी चूक असली की कल सरळ दिसतो. पण त्यानं टनांना घनमीटरनं भागलं तर प्रति घनमीटर २.२१ किलो येतात. नैसर्गिक गॅसचे साधारण २ किलोच्या आसपास यायला हवेत. इतका फरक लगेच डोळ्यात भरतो.

म्हणून टीम येण्याआधी ही भागाकाराची तपासणी तुम्हीच करून टाका. प्रत्येक इंधनाचे टन भागिले त्याचं प्रमाण. डिझेलचे २.६८ किलो प्रति लिटरच्या जवळ यायला हवेत. आपल्या उदाहरणात १६१ टन भागिले ६०,००० लिटर, २.६८ येतात, म्हणजे ती ओळ या बाजूनं ठीक आहे.

सावधान: बिलात गॅस घनमीटरमध्ये आहे की एमएमबीटीयूमध्ये, हे दर महिन्याच्या बिलावर बघा. वर्षाच्या मध्ये एकक बदललं आणि शीटचं सूत्र तेच राहिलं, तर वार्षिक बेरीज वरवर ठीकच दिसत राहते.

## ५. लिमिटेडमध्येही शंका आली की थोडक्या कामावर भागत नाही

२.२१ हा आकडा दिसल्यावर तपासणारा काय करतो? कंपन्यांची अपेक्षा असते की "लिमिटेड आहे, खुलासा घेऊन पुढं चला." सुरुवात खुलाशानंच होते हे खरं. विश्लेषणात तफावत निघाली की लिमिटेडमध्ये तो आधी व्यवस्थापनाला विचारतो, आणि उत्तर पटण्यासारखं असेल तर तिथं थांबू शकतो. रीझनेबलमध्ये नुसत्या उत्तरावर थांबता येत नाही, त्याला पाठबळ देणारा पुरावा घ्यावा लागतो.

पण आकडा मर्यादेहून जास्त चुकलेला असू शकतो असं वाटण्याजोगं काही पुढं आलं, तर लिमिटेडमध्येही त्याला जादा काम करावंच लागतं. महत्त्वाची चूक असण्याची शक्यता नाही, असा निष्कर्ष निघेपर्यंत किंवा चूक आहे हे पक्कं होईपर्यंत तो थांबू शकत नाही. इथं तो गॅसची बिलं मागेल, उष्णतामूल्याचा आधार विचारेल आणि गॅसची ओळ नव्यानं मोजेल. हे काम करू न देणं म्हणजे त्याच्या कामावर बंधन घालणं, आणि त्याचा उल्लेख अहवालात येऊ शकतो. फीच्या करारात अशा जादा कामाची तरतूद आधीच करून ठेवली तर ऐन वेळी वाद होत नाही.

## ६. रीझनेबलमध्ये काय वाढतं

धोक्याचा अंदाज बारीक होतो. लिमिटेडमध्ये "गॅसच्या आकड्यात चूक असू शकते" इतपत प्रकारवार अंदाज पुरतो. रीझनेबलमध्ये प्रत्येक दाव्याचा वेगळा विचार लागतो: सगळा गॅस धरला का, तो याच वर्षाचा आहे का, प्रमाण बरोबर आहे का, गुणांक बरोबर आहे का. प्रत्येक प्रश्नाला आपापली तपासणी.

गॅसवर हे असं दिसतं. ३१ मार्चच्या अलीकडून पलीकडे जाणारं बिल घेऊन दिवसांप्रमाणं वाटणी केली जाते. मीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र वर्षभर वैध होतं का, ते बघतात. बिलावरचे घनमीटर तुमच्या बॉयलरच्या लॉगशी आणि वाफेच्या उत्पादनाशी जुळवतात. खरेदी खात्यात गॅसचं एखादं बिल आहे पण ईएचएसच्या शीटमध्ये नाही, असं उलट बाजूनंही शोधतात. ही उलटी वाट महत्त्वाची आहे, कारण शीटमधून बिलाकडे गेल्यावर शीटमध्ये नसलेली गोष्ट कधीच दिसत नाही. आपल्या उदाहरणात अशाच उलट्या शोधात देखभाल खात्याची एक पावती सापडते: चिलरमध्ये भरलेला ५० किलो आर-१३४ए वायू. तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,३०० पट धरली तर ६५ टन. मर्यादेच्या मानानं ते थोडे आहेत, पण चुकांच्या यादीत जातातच.

विजेच्या ओळीत दुसरी चूक आहे. ६,४४४ टनांसाठी ०.७१६ हा गुणांक वापरला होता. तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या डेटाबेसमधला २०२२-२३ चा. २०२३-२४ चा ०.७२७ आहे, म्हणजे ६,५४३ टन. ९९ टन कमी दाखवले गेले. एचटी बिलात पवन किंवा सौर विजेची वजावट असेल तर आणखी एक प्रश्न येतो: ९० लाख युनिट हे ग्रिडमधून घेतलेले की वजावटीनंतर बिलात उरलेले? उत्तर बिलाच्या तपशिलातच असतं. शीट भरणाऱ्यानं बहुधा फक्त शेवटची ओळ उचललेली असते.

आणि सगळ्यात जड भाग, अंतर्गत नियंत्रणं. लिमिटेडमध्ये पद्धत काय आहे हे विचारून समजून घेणं साधारण पुरतं. रीझनेबलमध्ये नियंत्रणं कशी आखली आहेत आणि ती खरंच बसवली आहेत का, हे बघावं लागतं. त्यांच्यावर विसंबायचं असेल तर ती वर्षभर चालली याची चाचणी करावी लागते. "दर महिन्याला प्लांट मॅनेजर शीट तपासतात" हे वाक्य पुरावा नाही. कोणत्या तारखेला तपासली, काय जुळवलं, काय चूक सापडली आणि कोणी दुरुस्त केली, याची महिन्यागणिक खूण हवी. बाराही महिन्यांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दिवशी केलेल्या दिसल्या तर तो कागद नसलेलाच बरा, कारण मग बाकीच्या कागदांवरचा विश्वासही जातो.

नियंत्रणांवर न विसंबता थेट बिलं आणि मीटर तपासून रीझनेबल करता येतं, आणि आपल्या कारखान्यासारख्या मोजक्या ओळी असतील तर तो मार्ग चालतोही. पण नमुना मोठा होतो, वेळ आणि फी वाढते. आणि जिथं डेटा फक्त स्काडासारख्या प्लांटच्या संगणकीय यंत्रणेत आहे, बाहेरचं बिल नाही, तिथं यंत्रणेवरच्या नियंत्रणांशिवाय गत्यंतर नसतं.

तपासून पाहा, एप्रिलमध्येच: महिन्याच्या जुळणीचा कागद आहे का? गुणांक बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे आहे का, आणि बदल नोंदला जातो का? डिझेलचा आरंभीचा आणि अखेरचा साठा मोजून लिहिला आहे का? खरेदी म्हणजे वापर नव्हे. टाकीत उरलेलं डिझेल यंदाच्या उत्सर्जनात येत नाही.

## ७. चुकांची यादी आणि दुरुस्ती

आता यादी अशी झाली: गॅस ८८३ टन जास्त, वीज ९९ टन कमी, चिलरचा वायू ६५ टन कमी. इथं एक मोह होतो. सगळं एकत्र केलं तर फरक ७१९ टनांवर येतो, मर्यादेच्या आत. मग दुरुस्ती कशाला?

असं वजा-अधिक करून चालत नाही. गॅस स्कोप १ मध्ये आहे, वीज स्कोप २ मध्ये, आणि दोन्ही आकडे अहवालात वेगवेगळे छापले जातात. गॅसची चूक एकटीच मर्यादेपलीकडे आहे, तेव्हा ती दुरुस्त करावीच लागेल. शहाणपणाचं म्हणजे तिन्ही दुरुस्त करा. दुरुस्तीनंतर गॅस ७,९४८, वीज ६,५४३, डिझेल १६१ आणि चिलरचा वायू ६५, एकूण १४,७१७ टन.

जास्त दाखवलंय म्हणजे आपलंच नुकसान, गुंतवणूकदाराचं काय बिघडलं, असं ऐकायला मिळतं. बिघडतं. हेच वर्ष आधारवर्ष ठरलं आणि पुढच्या वर्षी कुणी गुणांक नीट लावला, तर एक किलो गॅस न वाचवता उत्सर्जन घटल्याचं दिसेल. त्यामुळं गेल्या वर्षाचा आकडाही पुन्हा मोजा आणि बदल का झाला ते अहवालात सांगा.

मोजमापातली अंगभूत अनिश्चितता ही चुकीहून वेगळी गोष्ट आहे. मीटर काही टक्के इकडं-तिकडं दाखवतो, गुणांक सरासरीचा असतो. हे नीट उघड केलं असेल तर केवळ तेवढ्यानं अहवालाला गालबोट लागत नाही.

## ८. निष्कर्षाचं वाक्य नीट वाचा, आणि तसंच वापरा

रीझनेबलमध्ये निष्कर्ष होकारार्थी असतो: आमच्या मते, उत्सर्जन विवरण सर्व महत्त्वाच्या बाबतींत निकषांनुसार तयार केलेलं आहे. लिमिटेडमध्ये तो नकाराच्या रूपात येतो: केलेल्या कामाच्या आधारे, विवरण निकषांनुसार तयार केलेलं नाही असं मानावं असं काही आमच्या लक्षात आलेलं नाही. लिमिटेडच्या अहवालात केलेल्या कामाचा सारांश मुद्दाम दिलेला असतो, आणि हे काम रीझनेबलपेक्षा कमी आहे, त्यातून मिळणारं आश्वासन बरंच खालचं आहे, असंही स्पष्ट लिहिलेलं असतं. तो सारांश वाचल्याशिवाय त्या निष्कर्षाचं वजन कळत नाही.

म्हणून लिमिटेड मिळाल्यावर संकेतस्थळावर किंवा गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये "आकडे प्रमाणित" असं लिहू नका. "२०२३-२४ च्या स्कोप १ आणि २ वर लिमिटेड अ‍ॅश्युरन्स, अमुक मानकानुसार" असं लिहा आणि पूर्ण अहवाल जोडा.

सावधान: रीझनेबल सुरू केलं, गॅसची चूक निघाली, दुरुस्ती करायची नाही म्हणून "आता लिमिटेडच करून द्या" असं सांगणं चालत नाही. स्तर बदलायला रास्त कारण लागतं. रास्त कारण असलं तरी तोपर्यंत हाती आलेला पुरावा तपासणाऱ्याला विसरता येत नाही, त्यामुळं ते ८८३ टन लिमिटेडच्या निष्कर्षातही उभे राहतातच.

यंदा पहिल्यांदा रीझनेबल होत असेल तर शेजारच्या रकान्यातल्या गेल्या वर्षीच्या आकड्यांवर फक्त लिमिटेड होतं, हेही अहवालात वेगळं नोंदवून घ्या. मसुदा हातात आला की सगळ्यात आधी हे वाक्य शोधा, कारण छपाईच्या गडबडीत बहुतेक वेळा तेच गळतं.